आठवड्याच्या तापमानाचा विस्तार दोन शहरांबद्दल उलटं सांगतो तेव्हा काय तपासावं

लक्षण नेहमीचंच आहे. दोन शहरांचं सात दिवसांचं कमाल तापमान हाताशी असतं आणि कुठे तापमान जास्त वरखाली झालं एवढंच सांगायचं असतं. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान आकडा वजा करून दोन्ही शहरांचे विस्तार काढले जातात आणि ज्याचा विस्तार मोठा ते शहर जास्त अस्थिर ठरतं. मग कुणीतरी आलेख काढतं. त्यात ‘अस्थिर’ शहराची रेघ जवळजवळ सपाट दिसते आणि ‘स्थिर’ शहराची रेघ रोज उड्या मारताना दिसते.

वजाबाकी बहुतेक वेळा बरोबरच असते. विस्ताराला जे विचारलं, ते सांगणं त्याच्या कुवतीबाहेरचं असतं. पण हे म्हणण्याआधी आकडे तपासून घ्यावेत, कारण तितक्याच वेळा दोष आकड्यांतही निघतो.

पुढचं सगळं या एका उदाहरणावर चालेल. आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत, रोजचं कमाल तापमान, आणि मुद्दाम सोपे रचलेले.

| वार | शहर अ | शहर ब |
|---|---|---|
| सोमवार | ३४ | ३७ |
| मंगळवार | ३५ | ३० |
| बुधवार | ३४ | २९ |
| गुरुवार | २५ | ३६ |
| शुक्रवार | ३५ | ३७ |
| शनिवार | ३४ | २८ |
| रविवार | ३४ | ३४ |

दोन्हीकडची बेरीज २३१, म्हणजे सरासरी ३३. मध्यकही दोन्हीकडे ३४. विस्तार मात्र अ चा ३५ − २५ = १० आणि ब चा ३७ − २८ = ९. विस्ताराच्या हिशेबाने अ जास्त अस्थिर. तक्ता नुसता नजरेखालून घातला तरी हे पटत नाही: अ मध्ये सातपैकी सहा दिवस तापमान ३४ किंवा ३५ आहे, तर ब मध्ये कालचा आकडा पाहून आजचा अंदाज बांधता येणार नाही.

आधी आकडे, मग सूत्र

विस्तार टोकाच्या दोनच आकड्यांवर उभा असतो, आणि नोंदीतल्या चुका बहुधा टोकालाच जाऊन बसतात. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. सातही आकडे पुन्हा पाहायची गरज नाही. प्रत्येक शहराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, असे मिळून चार आकडे मूळ नोंदीशी ताडून पाहिले की काम झालं.

अ मधला गुरुवारचा २५ घ्या. तो खरा असू शकतो: दिवसभर ढग आणि पाऊस असला की कमाल तापमान आठ-दहा अंशांनी खाली राहणं अशक्य नाही. पण तो ३५ चा टंकताना झालेला २५ सुद्धा असू शकतो, आणि तसं असेल तर अ चा खरा विस्तार १० नसून १ आहे. ओळखायचं कसं? त्याच दिवसाचं किमान तापमान पाहावं. ढगाळ, पावसाळी दिवशी कमाल आणि किमान एकमेकांच्या जवळ येतात. त्यामुळे किमान २२–२३ असेल आणि पावसाची नोंद असेल तर २५ वर विश्वास ठेवायला हरकत नाही. किमान २६ असेल तर प्रश्नच मिटला, कारण कमाल किमानापेक्षा कमी असू शकत नाही. जवळच्या दुसऱ्या केंद्रावर त्या दिवशी तशी घसरण दिसते का, हेही पाहावं. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर ३५ आणि एकाच ठिकाणी २५ असेल तर संशय केंद्रावर घ्यावा, हवामानावर नाही.

दुसरा हमखास दोष म्हणजे न मिळालेल्या दिवसाच्या जागी भरलेला खुणेचा आकडा. कुठे ० भरलेला असतो, कुठे −९९.९. `GHCN-Daily` या जागतिक दैनिक नोंदसंचात न मिळालेल्या मूल्यासाठी -9999 वापरतात, आणि तापमान अंशाच्या दशांशात असतं, म्हणजे 347 चा अर्थ ३४.७. असा एक खुणेचा आकडा राहून गेला तर सरासरी बिघडते हे खरं, पण विस्तार तर पूर्णपणे त्याच्या मुठीत जातो. −९९९९ असेल तर चूक लगेच डोळ्यांत भरते. खरा धोका शून्याचा, कारण थंड प्रदेशात शून्य हे साधंसुधं तापमान आहे आणि तिथे त्याच्याकडे कुणी दोनदा बघत नाही.

स्प्रेडशीटमध्ये याच्या उलटही घडतं. मजकूर म्हणून साठलेला आकडा `MAX` आणि `MIN` मुकाट्याने सोडून देतात. दिसतात सात आकडे, हिशेबात येतात सहा. म्हणून विस्तार काढण्याआधी ही मोजणी करून उत्तर 7 येतं का ते पाहावं. इथे आणि पुढे शहर अ B रकान्यात आहे असं धरलंय, शहर ब साठी B च्या जागी C लिहावं:

```
=COUNT(B2:B8)
```

एक दिवस काढून पाहा

आकडे खरे निघाले आणि तरी उत्तर पटत नाही, तर ही चाचणी करावी. प्रत्येक शहरातला टोकाचा एकच दिवस वगळायचा. कोणता? जो वगळल्यावर विस्तार जास्तीत जास्त आक्रसतो तो. उरलेल्या सहा दिवसांचा विस्तार पुन्हा काढायचा.

अ मधला गुरुवार वगळला की उरतात ३४ आणि ३५. विस्तार १० वरून १ वर येतो. ब मध्ये शनिवारचा २८ वगळला तर सर्वांत लहान आकडा २९ होतो आणि विस्तार ९ वरून ८ वर. इथे रोग सापडला: अ चा विस्तार आठवड्याबद्दल बोलतच नव्हता, तो एका गुरुवारबद्दल बोलत होता. ब चा विस्तार मात्र जवळजवळ सगळ्या आठवड्याच्या आधारावर उभा आहे.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं. मोठं टोक काढून आणि लहान टोक काढून, असे दोन विस्तार काढायचे आणि त्यातला लहान घ्यायचा:

```
=MIN(LARGE(B2:B8,1)-SMALL(B2:B8,2),
     LARGE(B2:B8,2)-SMALL(B2:B8,1))
```

किती घट झाली म्हणजे विस्तार बाद समजायचा, याला ठरलेली सीमा नाही. व्यवहारात एक दिवस वगळल्यावर विस्तार निम्म्याहून खाली आला, तर त्या विस्तारावर शहरांची तुलना करू नये. आणि एक दिवस वगळल्यावर दोन शहरांचा क्रमच उलटत असेल (इथे १० विरुद्ध ९ चं १ विरुद्ध ८ झालं), तर निम्मं-पाऊण मोजत बसायचीही गरज नाही.

कारण सरळ आहे. सात आकड्यांपैकी पाच आकडे विस्ताराच्या हिशेबात येतच नाहीत. ते टोकांच्या आत कुठेही असोत, सगळे एका ठिकाणी गोळा झालेले असोत किंवा अर्धे वर आणि अर्धे खाली असोत, उत्तर तेच. ‘तापमान किती वरखाली होतं’ असं विचारणाऱ्याला मात्र बहुधा त्या मधल्या पाच दिवसांचीच चौकशी करायची असते.

मग काय वापरावं

सात आकड्यांसाठी हाताने करता येण्याजोगं माप म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकांमधलं अंतर. आकडे चढत्या क्रमाने लावायचे. पहिला चतुर्थक (७ + १) ÷ ४ म्हणजे दुसऱ्या जागी येतो आणि तिसरा चतुर्थक सहाव्या जागी. आठवड्यात सातच दिवस असल्याने जागा पूर्णांकात येतात, अपूर्णांकाची कटकट नाही.

अ: २५, ३४, ३४, ३४, ३४, ३५, ३५. अंतर १.

ब: २८, २९, ३०, ३४, ३६, ३७, ३७. अंतर ८.

आलेखात जे दिसत होतं तेच आता आकड्यांतही आलं. सूत्र असं:

```
=QUARTILE.EXC(B2:B8,3)-QUARTILE.EXC(B2:B8,1)
```

इथे एक नेहमीची अडचण येते. `QUARTILE.INC` किंवा जुनं `QUARTILE` वापरलं तर त्याच आकड्यांवर अ साठी ०.५ आणि ब साठी ७ येतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, चतुर्थकाची जागा ठरवायच्या पद्धती वेगळ्या आहेत. पायथनमधलं `numpy.percentile` मूळ मांडणीत `INC` सारखंच वागतं. हाताने काढलेलं उत्तर आणि यंत्राचं उत्तर जुळत नाही म्हणून चूक शोधत बसू नये. फक्त एका शहराला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी असं होऊ देऊ नये.

‘मग प्रमाण विचलन का नको?’ हा प्रश्न लगेच येतो. नको असं नाही, पण ते या दुखण्यावरचं औषध समजून घेतलं जातं आणि तिथे फसवणूक होते. अ मधली सरासरीपासूनची अंतरं १, २, १, −८, २, १, १ आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज ७६, आणि त्यातले ६४ एकट्या गुरुवारचे. ६ ने भागून वर्गमूळ घेतलं की ३.५६ येतं. ब च्या वर्गांची बेरीज ९२ आणि प्रमाण विचलन ३.९२. क्रम सुधारला हे खरं, पण जेमतेम. ३.५६ आणि ३.९२ पाहून कुणीही म्हणेल की दोन्ही शहरं साधारण सारखीच आहेत, आणि तेही तितकंच दिशाभूल करणारं आहे. प्रमाण विचलन सगळे आकडे वापरतं, पण वर्ग घेतल्यामुळे फटकून पडलेल्या दिवसाला अवाच्या सवा वजन देतं. गुरुवारी २५ ऐवजी २२ असतं, तर अ चं प्रमाण विचलन ४.६९ झालं असतं आणि क्रम पुन्हा उलटला असता. चतुर्थकांमधलं अंतर तेव्हाही १ च राहिलं असतं.

हाच त्या अंतराचा दोषही आहे. गुरुवारी जे घडलं ते त्याला दिसतच नाही. नुसतं ‘अ: १’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अ मध्ये आठवडाभर काहीच झालं नाही. म्हणून दोन्ही लिहावं: चतुर्थकांमधलं अंतर १, आणि गुरुवारी २५ पर्यंत घसरण. विस्तार आणि हे अंतर यांच्यात मोठी तफावत असणं हीच मुळात एक माहिती आहे. अ मध्ये १० आणि १, ब मध्ये ९ आणि ८, एवढे चार आकडे शेजारी ठेवले तरी दोन आठवड्यांचा स्वभाव कळतो.

रोजची उडी ही वेगळी गोष्ट आहे

ब चे आकडे चढत्या क्रमाने वारांना वाटून टाका: सोमवारी २८, मंगळवारी २९, असं करत रविवारी ३७. विस्तार तोच ९, चतुर्थकांमधलं अंतर तेच ८, प्रमाण विचलनही तेच. पण हा आठवडा हळूहळू तापत गेलेला आहे. मूळच्या ब मध्ये एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरासरी ५.२ अंशांची उडी होती, या नव्या मांडणीत ती १.५ वर येते.

पसरणीचं कुठलंच माप क्रम पाहत नाही. त्यामुळे ‘उद्या कसं असेल याचा भरवसा किती’ असा प्रश्न असेल, तर लागोपाठच्या दिवसांतल्या फरकांचा हिशेब करावा लागतो. शेजारच्या रकान्यात `=ABS(B3-B2)` लिहून खाली ओढलं की सात दिवसांचे सहा फरक मिळतात. त्यांची सरासरी न घेता मध्यक घ्यावा. एका फटकून पडलेल्या दिवसामुळे दोन मोठे फरक तयार होतात, एक खाली जाताना आणि एक परत वर येताना. अ मध्ये फरक १, १, ९, १०, १, ० असे आहेत. सरासरी ३.७ येते आणि मध्यक १. ब मध्ये ७, १, ७, १, ९, ६. मध्यक ६.५.

दोन शहरांना दोन वेगळ्या पट्ट्या

वरचं सगळं नीट करूनही तुलना फसते ती बहुधा इथे. ‘आठवड्याचा विस्तार’ या एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टी फिरत असतात. एक म्हणजे सात दिवसांच्या कमाल तापमानांचा विस्तार, जो आपण काढला. दुसरी म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत उष्ण दुपारपासून सर्वांत थंड पहाटेपर्यंतचं अंतर. दुसऱ्यात दिवस-रात्रीचा फरक मिसळलेला असतो, आणि तो फरक समुद्रापासून दूरच्या कोरड्या शहरात मोठा असतो, किनाऱ्यावर लहान.

एक शहर असं धरा की तिथे सातही दिवस कमाल ३४ आणि किमान १९. एका दिवसातून दुसऱ्यात काडीचाही फरक नाही, तरी दुसऱ्या पद्धतीने विस्तार १५. किनाऱ्यावरच्या शहरात रोजचा फरक ६ च, पण आठवडा २८/२२ ने सुरू होऊन ३६/३० वर संपला. विस्तार ३६ − २२ = १४. कागदावर पहिलं शहर जास्त अस्थिर ठरतं, प्रत्यक्षात तिथे काहीच बदललेलं नाही. उपाय एवढाच की रोजची कक्षा आणि दिवसागणिक बदल या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. रोज कमाल वजा किमान करून त्या सात फरकांचा मध्यक एकीकडे आणि कमाल तापमानांची पसरण दुसरीकडे लिहावी.

दिवसांची संख्याही दोन्हीकडे सारखी हवी. नवा आकडा जोडल्यावर विस्तार वाढू शकतो किंवा तेवढाच राहू शकतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे ज्या शहराच्या नोंदी जास्त, त्याला आपोआप मोठा विस्तार मिळायची शक्यता जास्त. आकडे घंटाकृती वाटणीतले आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सात आकड्यांचा विस्तार सरासरीने प्रमाण विचलनाच्या २.७० पट येतो, पाचांचा २.३३ पट आणि तीसांचा ४.०९ पट. लागोपाठच्या दिवसांची तापमानं स्वतंत्र नसतात, म्हणून हे गुणक तापमानाला जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र तीच राहते: एका शहराचे दोन दिवस गहाळ असतील तर त्याचा विस्तार विनाकारण लहान दिसेल. अशा वेळी दुसऱ्या शहराचेही तेच दोन वार वगळून तुलना करावी.

एककाची एक छोटी चूकही इथेच उरकू. एका शहराचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतील तर आकडे आधी सेल्सिअसमध्ये बदलून मग विस्तार काढावा. आधी विस्तार काढलाच असेल तर तो नुसता १.८ ने भागायचा, ३२ वजा करायचे नाहीत. १८ अंश फॅरनहाइटचा विस्तार म्हणजे १० अंश सेल्सिअसचा विस्तार. ३२ वजा केले तर तो ऋण येतो आणि चूक लगेच सापडते. पण मोठ्या विस्तारात ती लपून जाते: ५० चं उत्तर २७.८ यायला हवं, तिथे १० येतं आणि खरंही वाटतं.

विस्तार कधी चालतो

टोकच महत्त्वाचं असतं तिथे विस्तार टाकून देऊ नये. उपकरण कोणत्या तापमानापर्यंत चालेल, धातूचा सांधा किती प्रसरण पावेल, रोपं पहाटेची थंडी सोसतील का, या प्रश्नांत मधल्या पाच दिवसांना काही किंमत नाही. अ मधला गुरुवार अशा ठिकाणी सगळ्यात महत्त्वाचा दिवस ठरू शकतो. मात्र तेव्हा पट्टी दुसरी, म्हणजे उष्ण दुपार ते थंड पहाट हीच घ्यावी, नुसत्या कमाल तापमानांची नाही.

आणि अशा कामातही वजाबाकी करून एकच आकडा देण्यापेक्षा दोन्ही टोकं लिहावीत. ‘१०’ मधून ३० ते ४० आणि −५ ते ५ हे दोन्ही आठवडे निघू शकतात. दुसऱ्या आठवड्यात पाणी गोठून नळ फुटू शकतात, पहिल्यात नाही, आणि ‘विस्तार १०’ एवढ्यावरून हे दोन वेगळे ओळखायची सोय नाही.